नव्या किंवा रिकाम्या फ्लॅटची डीप क्लिनिंग: पाणी सर्वांत शेवटी

फोन बहुतेक वेळा असा येतो: "ताई, बिल्डरने सफाई करून दिलीय, पण तरी एकदा हात फिरवून घ्यायचाय. पुढच्या गुरुवारी वास्तुशांत आहे." हे "हात फिरवणं" म्हणजे तीन माणसांचं पूर्ण दिवसाचं काम असतं, हे फ्लॅटमध्ये पाऊल टाकल्यावरच घरच्यांना दिसतं. बिल्डरच्या माणसांनी झाडू मारून वर बादलीभर पाणी ओतलेलं असतं. पुट्टीची आणि सिमेंटची जी धूळ कोरडी असताना दहा मिनिटांत उचलली गेली असती, ती त्या पाण्याने टाइल्सच्या सांध्यांत, खिडकीच्या ट्रॅकमध्ये आणि नहाणी ट्रॅपमध्ये जाऊन बसलेली असते.

मी पिंपरी-चिंचवड भागात दोन मावश्यांना सोबत घेऊन हे काम करते. रावेत, वाकड, मोशी इथे नवे फ्लॅट सतत ताब्यात येत असतात आणि भाडेकरूंची अदलाबदलही चालू असते, त्यामुळे काम मिळतं. या धंद्याला मोठं यंत्र लागत नाही. कोणत्या पृष्ठभागावर काय चालतं आणि कामाचा क्रम काय, एवढं मात्र पक्कं माहीत हवं. खाली मी साधारण ७२० चौरस फूट कार्पेटच्या एका नव्या टूबीएचकेचं काम पहिल्या भेटीपासून शेवटच्या पुसण्यापर्यंत सांगते. रिकाम्या केलेल्या जुन्या फ्लॅटमध्ये काय बदलतं ते नंतर येईल.

सामान

सगळ्यात महाग वस्तू म्हणजे वेट अँड ड्राय व्हॅक्यूम क्लीनर. वीस ते तीस लिटरचा, घरगुती सॉकेटवर चालणारा पुरतो. मी घेतला तेव्हा साधारण सात हजार रुपये लागले होते. पाच-सहा पायऱ्यांची अ‍ॅल्युमिनियमची शिडी, दहा मीटरचं एक्स्टेंशन बोर्ड, लांब दांड्याचा जाळ्यांचा ब्रश, काचेचा रबरी वायपर, फरशीचा वायपर, तीन बादल्या, फवाऱ्याच्या चार बाटल्या, पुट्टीवाल्यांकडे असते तशी पत्र्याची पट्टी, एक प्लॅस्टिकची पट्टी, ब्लेड लावायचा स्क्रेपर आणि त्याची नवी ब्लेडं हे सगळं मिळून आणखी सात-आठ हजार. एक इंची रंगाचा ब्रश आणि जुने टूथब्रश फुकटात जमतात आणि दिवसभर सर्वांत जास्त तेच वापरले जातात.

मायक्रोफायबरची फडकी मात्र भरपूर घ्या, निदान तीस, आणि रंगाने वाटून टाका. आमच्याकडे लाल फक्त कमोडसाठी, पिवळं बाथरूमच्या बाकी भागासाठी, हिरवं किचनला आणि निळं काच-दारांना. ही शिस्त घरमालकाला दिसली की त्याच्या चेहऱ्यावरचा निम्मा संशय जातो.

तिघांसाठी रबरी हातमोजे, चष्मे आणि एन-९५ मास्क. ओढणी किंवा रुमाल तोंडाला बांधून या धुळीत उभं राहू नका. टाइल्स कापताना, भिंत खणताना उडालेल्या धुळीत सिलिकाचे बारीक कण असतात. ते फुप्फुसात खोल जातात आणि तिथून बाहेर येत नाहीत. आमच्या एक मावशी सुरुवातीला मास्क लावायला तयार नव्हत्या, "गुदमरतं गं" म्हणायच्या. पहिल्या दिवशी दुपारी त्यांनी मास्क काढला, तर त्याची बाहेरची बाजू राखाडी झाली होती. तो त्यांच्या हातात दिला. त्यानंतर कधी सांगावं लागलं नाही.

फरशी घासायचं गोल फिरणारं स्क्रबर मशीन विकत घेऊ नका. वर्षात चार-पाच वेळाच त्याची खरी गरज पडते, तेव्हा ते भाड्याने आणता येतं.

आधी जाऊन बघणं

फोटो बघून भाव सांगायचा नाही, हा आमचा नियम आहे. फोटोत सगळे फ्लॅट सारखेच दिसतात. प्रत्यक्ष गेल्यावर मी चार गोष्टी बघते.

पहिली म्हणजे वीज आणि पाणी. ताबा नुकताच मिळालेला असेल तर मीटर चालू नसण्याची किंवा वरच्या टाकीत पाणी नसण्याची शक्यता असते. नळ सोडून बघा, व्हॅक्यूम लावता येईल असं सॉकेट चालू आहे का बघा. लिफ्ट आणि गेटपास यांचीही चौकशी तेव्हाच करा. काही सोसायट्यांत बाहेरच्या कामगारांची नोंद आदल्या दिवशी करावी लागते.

दुसरी, फरशी कशाची आहे. व्हिट्रिफाइड टाइल्स, ग्रॅनाइट, कोटा, मार्बल हे चारही डोळ्यांनी ओळखता आलेच पाहिजेत. मार्बल आणि कोटा दोन्ही चुन्याच्या जातीचे दगड आहेत. त्यांच्यावर लिंबाचा रस सांडला तरी पॉलिश मरतं. तिथे कोणतंही आम्ल वापरायचं नाही, फक्त सौम्य साबणपाणी.

तिसरी, डाग कशाचे आहेत. फरशीवर पांढरट थर दिसला तर बोट ओलं करून घासा. थर गेला तर ती नुसती धूळ. नाही गेला तर ते सांध्यांत भरलेलं ग्राउट पसरून सुकलेलं आहे. आता ते सिमेंटचं आहे की इपॉक्सीचं, हे कळायला कोपऱ्यात टाइल क्लीनरचा एक थेंब टाका. फेस आला तर सिमेंटचं, निघेल. काहीच झालं नाही तर बहुतेक इपॉक्सी, आणि पक्कं झालेलं इपॉक्सी साध्या क्लीनरने हलत नाही. त्याला वेगळं रिमूव्हर आणि वेगळा वेळ लागतो, म्हणून त्याचा भाव वेगळाच सांगावा. हा थेंब मार्बलवर किंवा कोट्यावर टाकून बघायचा नाही. तिथेही फेस येईल, पण तो फेस दगडाचा असेल.

चौथी, आधीच काय मोडलेलं किंवा ओरखडलेलं आहे. बेसिनचा टवका, टाइलची चीर, काचेवरचे ओरखडे, दाराच्या सनमायकाचा उडालेला कोपरा, सगळ्याचे फोटो काढून त्याच वेळी घरमालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, खाली "हे आजच्या भेटीत दिसलं" असं लिहून. एकदा मी हे केलं नव्हतं, आणि बाल्कनीच्या काचेवरचा ओरखडा आमच्या माथी आला. तो आमचा नव्हता, पण मी ते दाखवू शकत नव्हते. त्या दिवसाचे निम्मे पैसे सोडून द्यावे लागले.

दिवसाची सुरुवात कोरडी

सकाळी नऊला आम्ही आत शिरतो तेव्हा पाण्याच्या बादल्या बाहेर पॅसेजमध्येच ठेवतो. पहिले तीन तास घरात पाणी येत नाही.

सर्वांत आधी दोन्ही बाथरूम, ड्राय बाल्कनी आणि बाल्कनीतल्या नहाणी ट्रॅपच्या जाळ्या काढायच्या. आत हात घालून जे असेल ते काढायचं: सिमेंटचे गोळे, टाइल्सचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या, कधी एखादी बारीक सळई. एका फ्लॅटमध्ये मला ट्रॅपच्या पेल्यात मुठीएवढा सिमेंटचा गोळा सापडला होता, पेल्याच्या आकाराचाच घट्ट झालेला, साच्यातून काढल्यासारखा. ट्रॅप मोकळा झाला की त्यात घट्ट कापडाचा बोळा बसवायचा आणि तो दिवसाच्या शेवटी न विसरता काढायचा. पाण्याबरोबर गेलेला सिमेंटचा गाळ पाइपाच्या वळणावर बसून आवळतो आणि सहा महिन्यांनी बाथरूममध्ये पाणी तुंबतं, तेव्हा कोणालाच कारण कळत नाही. म्हणून गाळाचं एक भांडंही ट्रॅपमध्ये जाऊ द्यायचं नाही. ते बादलीत गोळा करायचं.

मग वरून खाली. एक जण शिडीवर: छताचे कोपरे, पीओपीच्या खाचा, माळ्याचा तळ, पंख्याचे हुक, दाराच्या चौकटीची वरची पट्टी. या वरच्या पट्टीवर कोणाचाच हात फिरलेला नसतो, बोटाने ओढलं तर रेघ उमटते. भिंतींवर फक्त कोरडं फडकं किंवा मऊ ब्रश. ओलं फडकं लावलं तर साधा डिस्टेंपर फडक्याला येतो आणि भिंतीवर ढग उमटतात. ते पुसून जात नाहीत, पुन्हा रंगच द्यावा लागतो.

दुसरी व्यक्ती व्हॅक्यूमवर. झाडू मारायचा नाही, कारण त्याने बारीक धूळ उडते आणि तासाभराने पुन्हा तिथेच बसते. व्हॅक्यूमला कोरड्या कामाचा फिल्टर लावून आधी ट्रॅक, कपाटं, माळे, स्विचबोर्डच्या कडा, स्कर्टिंगची वरची धार आणि शेवटी फरशी. पुट्टीच्या धुळीने फिल्टर लवकर चोंदतो. ओढ कमी झाली, मोटरचा आवाज चढून बारीक झाला किंवा मागच्या बाजूने पांढरा धूर दिसला, की लगेच बंद करा. फिल्टर काढून गोणीच्या आत धरून झटका. मी दर पाऊण तासाने झटकते, वाट बघत नाही. नाहीतर मोटर तापते आणि तुम्ही धूळ एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फुंकत राहता.

तिसरी व्यक्ती खरवडण्यावर. फरशीवरचे रंगाचे थेंब, सिमेंटचे ठिपके, चिकटपट्ट्या. व्हिट्रिफाइड टाइलवर ब्लेडचा स्क्रेपर जवळजवळ आडवा धरून चालतो. ग्लॉस टाइलवर पत्र्याची पट्टी उभी धरलीत तर ओरखडा पडेल. सुकलेला प्लॅस्टिक पेंट घट्ट असेल तर तो आता सोडा, ओल्या पाळीत कोमट पाण्याचं फडकं त्यावर पंधरा मिनिटं ठेवलं की पापुद्रा उचलला जातो. ऑइल पेंटला टर्पेंटाईन लागतं, आधी आतल्या कोपऱ्यात लावून बघून.

खिडक्या

निम्मी बोलणी खिडक्यांवरून बसतात, म्हणून इथे घाई नको.

स्लायडिंग खिडकीचं आतलं शटर वर उचलून खालची कड आत ओढली की बाहेर येतं. काही खिडक्यांना वर अडकण असते, ती स्क्रूने सैल करावी लागते. दोघांनी धरून शटर जमिनीवर जुन्या चादरीवर आडवं ठेवायचं आणि तिथेच दोन्ही बाजू साफ करायच्या. जे शटर निघत नाही त्याची बाहेरची बाजू हात पोचेल तेवढीच. ग्रिलवर उभं राहायचं नाही, कठड्याबाहेर वाकायचं नाही, मालकाने कितीही म्हटलं तरी. बाहेरची बाजू दोरावर उतरणाऱ्या प्रशिक्षित माणसांची आहे, हे मी भाव सांगतानाच सांगते.

ट्रॅकमध्ये सिमेंट बसलेलं असतं. आधी कोरड्या ब्रशने मोकळं करून व्हॅक्यूमने ओढायचं, मग फवारा मारून दहा मिनिटं थांबायचं, मग प्लॅस्टिकची पट्टी. ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाला पाणी जायची बारीक भोकं असतात, ती टूथब्रशने किंवा तारेने मोकळी करा. ती बुजलेली राहिली तर पहिल्याच पावसात ट्रॅक भरून पाणी घरात येतं. अ‍ॅल्युमिनियमला आम्ल लावू नका आणि धुण्याचा सोडाही नको, दोन्हींनी त्याचा रंग काळपट होतो.

फ्रेमवरची संरक्षक टेप ही वेगळी डोकेदुखी. वर्षभर उन्हात राहिली की ती तुकड्यातुकड्यांत निघते आणि गोंद मागे राहतो. थिनर लावायचा मोह होतो, पण पावडर कोटिंग त्याने मऊ पडतं. टर्पेंटाईन फडक्यावर घेऊन पाच मिनिटं दाबून धरा, मग प्लॅस्टिकच्या पट्टीने ढकला, शेवटी साबणपाण्याने पुसा.

आता काच. तिच्यावर रंगाचे आणि सिमेंटचे ठिपके असतात आणि ब्लेड चालवावंसं वाटतं. साध्या काचेवर ते चालतं, पण काच भरपूर साबणपाण्याने ओली, ब्लेड कोरं, आणि एकाच दिशेने पुढे ढकलायचं. मागे ओढताना ब्लेडखाली आलेला कण ओरखडा काढतो. बाल्कनीची आणि शॉवरची काच मात्र बहुधा टफन्ड असते, कोपऱ्यात तसा छोटा शिक्का असतो. भट्टीतून काढताना अशा काचेच्या एका बाजूला काचेचे अतिसूक्ष्म कण चिकटून राहू शकतात. ब्लेड ते कण सोबत ओढत नेतं आणि उन्हात बघितलं की पूर्ण काचेवर केसासारख्या रेघा दिसतात. हात फिरवून खरखरीत लागली तर ब्लेड बाजूला ठेवा. ओलं फडकं लावून डाग भिजवा, नखाने किंवा प्लॅस्टिकने काढा, राहील तो राहू द्या आणि मालकाला दाखवा.

ओली पाळी

बारा-साडेबाराला डबे खाऊन झाले की पाणी आत येतं. आतल्या बेडरूमपासून सुरुवात, मुख्य दाराशी शेवट. बाथरूम मध्येच घ्यायची, कारण तिथे क्लीनरला थांबायला वेळ लागतो. तो लावून ठेवायचा आणि तेवढ्यात बेडरूमची कपाटं पुसून घ्यायची.

दुकानात सुटं मिळणारं टॉयलेटचं अ‍ॅसिड वापरू नका. मी वापरलं होतं, पहिल्या वर्षी. टाइल्स चमकल्या, घरमालकीण खूश झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोटो आला: नवा कोरा नळ आणि शॉवरची जाळी, दोन्हींवर तपकिरी ठिपके. आम्ही नळाला अ‍ॅसिड लावलंच नव्हतं. बंद बाथरूममध्ये त्याची वाफ रात्रभर नळावर बसली होती. नळ बदलून द्यावा लागला. तेव्हापासून सल्फॅमिक किंवा फॉस्फोरिक आम्लाचा टाइल क्लीनर वापरते. त्याची वाफ अशी उडत नाही.

त्याचीही पद्धत आहे. आधी साध्या पाण्याने टाइल आणि सांधे चिंब करायचे, म्हणजे सांधे पाण्याने भरतात आणि आम्ल पिऊन ठिसूळ होत नाहीत. मग बाटलीवर दिलेल्या प्रमाणात क्लीनर पाण्यात मिसळायचा, नेहमी पाण्यात क्लीनर, क्लीनरमध्ये पाणी नाही. एका वेळी एकच भिंत घ्यायची. लावा, पाच-सात मिनिटं थांबा, सुकू देऊ नका, पांढऱ्या मऊ पॅडने घासा, उतरलेलं पाणी वायपरने एका कोपऱ्यात आणून व्हॅक्यूमने ओढा. व्हॅक्यूमचा कोरडा फिल्टर काढून ओल्या कामाचा स्पंज चढवायला विसरू नका. मग दोनदा साधं पाणी. नळ, शॉवर, हँडल यांना आधीच प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली असावी.

किचनच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर सिलिकॉन आणि सिमेंटचे ठिपके असतात. ब्लेडने काढून सौम्य साबणाने पुसलं की बास. सिंकच्या खाली, पाइप भिंतीत जातो तिथलं भोक बघा. बुजवलेलं नसेल तर मालकाला सांगा, झुरळं तिथूनच येतात.

फरशीला मात्र पाणी कमीत कमी. बादलीभर ओतायचं नाही, मॉप पिळून फिरवायचा आणि दर खोलीला पाणी बदलायचं. गढूळ पाण्याने पुसलेली फरशी ओली असताना काळीभोर, स्वच्छ दिसते आणि सुकली की दुधाळ. म्हणून ओल्या फरशीकडे बघून "झालं" म्हणायचं नाही. अर्धा तास पंखे किंवा खिडक्या उघडून सुकवा, मग मोबाइलचा टॉर्च फरशीला टेकवून आडवा प्रकाश टाका. जिथे पांढरा पट्टा दिसेल तिथे पुन्हा ओल्या बोटाची परीक्षा. धूळ असेल तर एक पाळी साध्या पाण्याची, ग्राउट असेल तर तेवढ्या भागावर टाइल क्लीनर. मोठ्या हॉलभर हा थर असेल तेव्हा भाड्याचं स्क्रबर आणायची वेळ येते.

रिकामा केलेला जुना फ्लॅट

इथे धूळ कमी आणि तेल, क्षार, वास जास्त. क्रम तोच, औषध वेगळं.

किचनच्या टाइलवरचा पिवळा चिकट थर तेलाचा असतो, त्याला आम्ल काही करत नाही. कोमट पाणी आणि धुण्याचा सोडा किंवा किचनचा डीग्रीझर फवारून दहा मिनिटं थांबायचं, तो खाली ओघळू लागला की पुसायचं. चिमणीचे फिल्टर स्टीलचे असतील तर गरम पाण्यात सोडा टाकून अर्धा तास बुडवा. अ‍ॅल्युमिनियमची जाळी असेल तर सोडा नाही, ती काळी पडेल. तिला भांडी घासायचं लिक्विड आणि गरम पाणीच.

बाथरूममध्ये उलट. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याने नळांवर, काचेवर, बादली ठेवायच्या जागी पांढरे खडे जमतात. त्यांना आम्लच हवं, पण सौम्य. किराणा दुकानातलं लिंबूसत्व लिटरभर कोमट पाण्यात साधारण पन्नास ग्रॅम विरघळवा, टिश्यू पेपर त्यात भिजवून नळाच्या बुडाला गुंडाळा, पंधरा-वीस मिनिटांनी टूथब्रशने घासा. एकदा गेलं नाही तर पुन्हा गुंडाळा, जोर लावू नका. काचेवर वर्षानुवर्षं क्षार बसून ती खाल्ली गेली असेल तर ओली असताना स्वच्छ आणि सुकली की धुरकट दिसते. ती साफ होत नाही, हे आधीच सांगा.

घर महिनाभर बंद असेल तर ट्रॅपमधलं पाणी आटून गटाराचा वास वर येतो. लोक घरभर फिनाइल टाकतात. खरं तर प्रत्येक ट्रॅपमध्ये दोन-दोन मग पाणी ओतलं की बहुतेक वेळा तासाभरात वास थांबतो.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक कामाच्या आधी मोठ्याने सांगते: ब्लीच आणि आम्ल एका बाथरूममध्ये एका दिवशी नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू होतो, डोळे आणि छाती दोन्ही धरतो. जुन्या भाडेकरूने ठेवलेल्या अर्ध्या बाटल्या कमोडमध्ये रिकाम्या करायच्या नाहीत. त्या झाकण लावून बाजूला.

भाव कसा बसतो

या टूबीएचकेचे मी सहा हजार घेतले होते. दोन मावश्यांची मजुरी प्रत्येकी आठशे म्हणजे सोळाशे, क्लीनर, पॅड, ब्लेडं, मास्क साडेचारशे, सामान नेणं-आणणं चारशे, चहा-जेवण अडीचशे, आणि व्हॅक्यूम व फडक्यांच्या झिजेपोटी तीनशे बाजूला. म्हणजे तीन हजार खर्च. उरलेल्या तीन हजारांत माझा पूर्ण दिवस, आधीची भेट आणि नंतरची एक फेरी आहे. चौरस फुटाचा सरसकट दर मी सांगत नाही. दोन सारख्याच फ्लॅटमध्ये एकात पेंटरने कागद अंथरलेला असतो आणि दुसऱ्यात नसतो, आणि त्यानेच चार तासांचा फरक पडतो. फर्निचर व्हायचं असेल तर मी सरळ सांगते की सुताराचं काम संपल्यावर बोलवा, आत्ता केलेलं वाया जाईल. त्या वेळी काम हातचं जातं, पण बहुतेक लोक नंतर फोन करतात, आणि सुतारही पुढच्या गिऱ्हाइकाला आमचाच नंबर देतात.

कागदपत्रांत सुरुवातीला उद्यम नोंदणी करून घ्या, ती ऑनलाइन आणि मोफत होते. सेवांसाठी जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की लागते.

ताबा देताना

संध्याकाळी पाचच्या आसपास मी मालकांना बोलावते, अजून उजेड असताना. ट्रॅपमधले बोळे त्यांच्यासमोर काढते, प्रत्येकात बादलीभर स्वच्छ पाणी ओतून ते सरळ जातंय हे दाखवते आणि मग जाळ्या बसवते. सिमेंटच्या गाळाची बादली आणि धुळीची गोणी सोसायटीने राडारोड्यासाठी ठरवलेल्या जागी जाते, ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात नाही. जे निघालं नाही ते मी बोट ठेवून दाखवते: हा इपॉक्सीचा पट्टा, ही खाल्लेली काच, हा टवका आधीपासूनचा, हा बघा त्या दिवशीचा फोटो.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवते, कारण ती न सांगितल्याने पूर्वी भांडणं झाली आहेत. कितीही नीट काम केलं तरी हवेतली बारीक धूळ पुढचे एक-दोन दिवस खाली बसत राहते, आणि वरच्या-शेजारच्या फ्लॅटमध्ये काम चालू असेल तर जास्तच. तिसऱ्या दिवशी ओट्यावर हात फिरवला तर बोटाला पांढरं लागेल. म्हणून तिसऱ्या दिवशीची अर्ध्या तासाची फेरी भावातच धरलेली असते. एक मावशी चार निळी फडकी आणि एक पिळलेला मॉप घेऊन जाते, खिडक्या बंद ठेवून ओटा, कपाटांच्या कडा आणि फरशी पुसते. वास्तुशांत गुरुवारी असेल तर आमचं मोठं काम सोमवारी, आणि ही फेरी बुधवारी संध्याकाळी.